ताण की दाब? निफाडच्या शेडची कैची एकेका सांध्याने सोडवताना

निफाडजवळ एका द्राक्षबागायतदाराच्या पॅकिंग शेडवर, छत पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी चौकटींवर म्हणजे कैच्यांवर, पत्रे चढत होते. एका बाजूचे पत्रे बसून झाले आणि मिस्त्रीचा फोन आला, "साहेब, कैचीतल्या आतल्या तिरक्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्यात. पुढं चढू का थांबू?" मी त्याला थांबवलं आणि नाशिकहून निघालो. वाटेतच चूक कळली होती. मी हिशोब बरोबर केला होता, आकडेही बरोबर होते. पण आराखड्यावर त्या तिरक्या मेंबरसमोर 'दाब' लिहायच्या जागी 'ताण' लिहिलं होतं. फॅब्रिकेटरने ते वाचलं आणि शहाण्यासारखं अँगल वाचवून 50×6 ची पट्टी लावली. ओढायचंच असेल तर पट्टी पुरते, त्याचं काहीच चुकलं नाही.

त्या एका शब्दाची किंमत आकड्यात सांगतो. 50×6 ची पट्टी ताणात चाळीस-पंचेचाळीस किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या पुढे आरामात ओढते. तीच सव्वातीन मीटर लांब पट्टी दाबात घेतली, तर ऑयलरच्या सूत्राने जेमतेम 0.17 किलोन्यूटनला, म्हणजे सतरा किलोंना, बाजूला बाक काढते. सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षाही कमी. म्हणून या लेखात तीच कैची सुरुवातीपासून सोडवून दाखवतो, आणि हिशोबापेक्षा जास्त वेळ ताण-दाबाच्या खुणांवर घालवतो.

कैची आणि तिच्यावरचा भार

शेडची रुंदी 12 मीटर, मधली उंची 2.5 मीटर. म्हणजे अर्धा गाळा 6 मीटर, उंची 2.5 आणि तिरका माथा 6.5 मीटर. हा 5-12-13 चा त्रिकोण आहे. मी मुद्दाम असे उतार निवडतो, कारण मग साइन-कोसाइनसाठी कॅल्क्युलेटर लागत नाही. साइन 5/13, कोसाइन 12/13. उतार साधारण 22.6 अंशांचा येतो, पत्र्याच्या शेडला तो चालतो.

कागदावर ही आकृती काढून घ्या. खालच्या आडव्या मेंबरवर डावीकडून उजवीकडे दर तीन मीटरला पाच सांधे: क, ख, ग, घ, च. क आणि च भिंतीवर टेकलेले. वर ख च्या डोक्यावर 1.25 मीटर उंचीला प, मध्यावर ग च्या डोक्यावर 2.5 मीटरला शिखर फ, आणि घ च्या डोक्यावर ब. आता जोडा: खाली कख, खग, गघ, घच. वर कप, पफ, फब, बच. उभे पख, फग, बघ. तिरके पग आणि बग. एकूण तेरा मेंबर, आठ सांधे. 2 × 8 − 3 = 13, म्हणजे फक्त समतोलाच्या समीकरणांवर ही कैची सुटते. ही मोजणी आधीच करा. एखादं मेंबर आकृतीत काढायचं राहिलं, तर इथेच कळतं.

भार कुठून आला तेही पाहू. दोन कैच्यांमधलं अंतर 4 मीटर, सांध्यांमधलं आडवं अंतर 3 मीटर, म्हणजे वरच्या प्रत्येक सांध्याच्या वाट्याला 12 चौरस मीटर. पत्रे, ते ज्यांवर बसतात ती आडवी पर्लिन आणि कैचीचं स्वतःचं वजन मिळून मी दर चौरस मीटरला 0.35 किलोन्यूटन धरलं. छतावर माणसं चढण्याचा भार आय.एस. 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार 0.75 पासून सुरू होतो आणि 10 अंशांच्या पुढे प्रत्येक अंशाला 0.02 ने कमी होतो. आपल्या उताराला तो 0.5 उरतो. बेरीज 0.85, गुणिले 12, म्हणजे 10.2. सोयीसाठी 10 धरू. प, फ, ब वर प्रत्येकी 10 किलोन्यूटन, आणि क, च वर अर्ध्या वाट्याचे 5. एकूण 40. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून प्रत्येक भिंत 20 किलोन्यूटनने वर ढकलते.

बाणाची दिशा: इथेच सगळे घसरतात

पहिला नियम: प्रत्येक अज्ञात मेंबरमध्ये ताण आहे असं समजूनच सुरुवात करायची. सांध्यावर उभं राहून पाहिलं तर ताणातलं मेंबर सांध्याला स्वतःकडे ओढतं, म्हणून बाण सांध्यापासून दूर जाणारा. उत्तर अधिक आलं तर ताण, उणे आलं तर दाब. पुढच्या सांध्यावर ते उणे मूल्य उणेच घेऊन जायचं, मध्येच बाण उलटा करायचा नाही. काही जण बाणही उलटा करतात आणि चिन्हही ठेवतात, मग दोनदा उलटल्यामुळे दाबाचा पुन्हा ताण होतो. त्या दिवशी आराखड्यावर शब्द लिहिताना माझं नेमकं हेच झालं होतं.

दुसरा घोटाळा अंतिम आकृतीतला. मेंबरच्या दोन टोकांना बाण काढले, तर ताणातल्या मेंबरचे बाण एकमेकांकडे तोंड करून असतात आणि दाबातल्याचे एकमेकांपासून दूर, सांध्यांकडे. पाहणाऱ्याला उलट वाटतं: बाण आत येतायत म्हणजे दाबतायत! पण ते बाण मेंबर सांध्याला काय करतं ते दाखवतात, मेंबरला काय होतं ते नाही. हे दरवेळी समजावत बसण्यापेक्षा मी साइटवर जाणाऱ्या आराखड्यात बाणच काढत नाही. प्रत्येक मेंबरवर आकडा आणि शेजारी 'ताण' किंवा 'दाब' असा पूर्ण शब्द. शिवाय दाबातलं मेंबर दुहेरी रेघेने काढतो. रंग वापरत नाही, कारण साइटवर पोचते ती काळी-पांढरी झेरॉक्स, आणि तिच्यात लाल-निळं सारखंच.

सांधा क

सुरुवात अशा सांध्यापासून, जिथे दोनच अज्ञात आहेत. प्रत्येक सांधा दोनच समीकरणं देतो, उभं आणि आडवं. प वर सुरुवातीला चार अज्ञात आहेत, तिथून सुरू केलं तर अडकलात. क वर कप आणि कख एवढी दोनच.

उभ्या दिशेत: भिंत 20 ने वर, भार 5 ने खाली, आणि कप चा उभा भाग.

```
20 − 5 + कप × 5/13 = 0   →   कप = −39
कख + कप × 12/13 = 0      →   कख = +36
```

कप मध्ये 39 दाब, कख मध्ये 36 ताण. मनातही ते पटायला हवं. माथ्याचे दोन पाखे बाहेर पसरू पाहतात, खालचं मेंबर त्यांना दोरीसारखं धरून ठेवतं. दोरी लावून काम चालेल का, हा प्रश्न प्रत्येक मेंबरला विचारा. चालत असेल तर ताण. कख च्या जागी दोरी चालते, कप च्या जागी दोरी लावली तर पाखं खाली येईल.

सांधा ख: शून्य म्हणजे बिनकामाचं नव्हे

ख वर डावीकडे कख, उजवीकडे खग, वर पख. बाहेरचा भार काही नाही. उभ्या दिशेत फक्त पख आहे, त्याला समतोलात ठेवणारं दुसरं काहीच नाही. म्हणून पख = 0, आणि खग आपोआप 36 ताण. उजवीकडे बघ सुद्धा तसंच शून्य.

इथे एक मोह होतो: शून्य आहे ना, मग काढून टाका, लोखंड वाचेल. एका मालकाने मला हे अगदी बरोबर तर्काने विचारलं होतं. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, शून्य हे या भारापुरतं आहे. पॅकिंग शेडमध्ये हंगामात कोणीतरी ख ला चेनपुली टांगणारच. समजा 3 किलोन्यूटनचा बोजा टांगला, तर ख च्या उभ्या समीकरणात तो येतो आणि पख मध्ये लगेच 3 किलोन्यूटन ताण. त्याच वेळी पग मध्ये 3.9 दाब वाढतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची आहे, ती शेवटी.

सांधा प: खरा हिशोब इथे

आता प वर या. कप माहीत आहे (−39), पख माहीत आहे (0). पफ आणि पग ही दोन अज्ञात. पग हे प पासून ग कडे, म्हणजे तीन मीटर उजवीकडे आणि सव्वा मीटर खाली जातं. त्याचाही उतार तोच 5-12-13, फक्त उलट्या बाजूला.

प वर उभं राहून पाहा. कप दाबात आहे, म्हणजे ते प ला उजवीकडे आणि वर ढकलतं: आडवं 36, उभं 15. भार 10 खाली.

```
आडवं:  36 + 12/13 × (पफ + पग) = 0        →  पफ + पग = −39
उभं:   15 − 10 + 5/13 × (पफ − पग) = 0    →  पफ − पग = −13
```

बेरीज केली तर पफ = −26, वजाबाकी केली तर पग = −13. दोन्ही दाब. पग च्या उभ्या भागाला समीकरणात उणे चिन्ह का आलं, ते थांबून पाहा: ताण धरला तर पग प ला खाली ओढतो. पफ मात्र वर ओढतो. ही दोन चिन्हं अदलाबदल झाली तर उत्तरंही अदलाबदल होऊन पग 26 आणि पफ 13 येतात, आणि पुढे ग वर गणित बसत नाही.

पग साठी एक झटपट पडताळणी आहे. पफ, पग आणि खग यांना छेदणारी रेघ मारा आणि डावा तुकडा घेऊन क भोवती घूर्ण काढा. पफ ची रेषा क मधूनच जाते, खग ची सुद्धा. मग पग ला तोलणारा उरतो फक्त प वरचा 10 किलोन्यूटनचा भार, क पासून 3 मीटरवर. उत्तर 13 च येतं. याचा अर्थ असा की पग मधला दाब प वरच्या भारावर, किंवा ख ला टांगलेल्या बोज्यावर अवलंबून असतो, उजव्या पाख्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणूनच माझ्या त्या शेडवर एकाच बाजूचे पत्रे लागले असताना त्याच बाजूच्या पट्ट्या वाकल्या. माणसं चढण्याचा भार सोडा, नुसत्या पत्रे-पर्लिनचे 4.2 किलोन्यूटन पकडले तरी पग मध्ये साडेपाच किलोन्यूटन दाब येतो, आणि पट्टीची ताकद 0.17. कैची तरीही कोसळली नाही, कारण वरचा अँगल एकसंध होता. तो वाकून भार घेत राहिला. प्रत्येक सांध्यावर बिजागरी धरून सोडवलेली कागदावरची कैची खरी असती, तर ती तिथेच बसली असती.

शिखर फ आणि उभा खांब

फ वर पफ −26, आणि आरशातल्या प्रतिमेसारखं फब −26. दोन्ही दाबात, म्हणून दोन्ही फ ला वर ढकलतात. प्रत्येकी उभा भाग 26 × 5/13 = 10, मिळून 20 वर. भार 10 खाली. उरलेले 10 वर, त्यांना खाली ओढणारं एकच मेंबर आहे: फग. म्हणून फग = +10, ताण.

इथे विद्यार्थीच काय, जुने सुतारही फसतात. मधला खांब शिखराला आधार देतोय असं डोळ्याला दिसतं, खांब म्हणजे दाब हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात तो शिखराला लटकलेला आहे आणि दोन तिरक्या मेंबरनी खाली ढकललेला सांधा ग वर धरून ठेवतोय. जुन्या लाकडी कैचीत मधल्या खांबाच्या पायाशी खालच्या तुळईला वेढणारा लोखंडी पट्टा दिसतो. खांब नुसता तुळईवर उभा असता, तर त्या पट्ट्याची गरज पडली नसती.

ग वर हिशोब जुळतो का?

ग वर पाच मेंबर भेटतात आणि त्यातलं एकही अज्ञात उरलेलं नाही. म्हणून हा सांधा सोडवायचा नाही, त्यावर पडताळणी करायची. फग वर ओढतो 10. पग आणि बग दाबात आहेत, ते ग ला खाली ढकलतात, प्रत्येकी 13 × 5/13 = 5, मिळून 10. जुळलं. आडव्या दिशेत डावीकडे 36, उजवीकडे 36, तिरक्यांचे 12 आणि 12 एकमेकांना कापतात. तेही जुळलं.

ही पायरी कधीच गाळू नका. मी पग चा शब्द चुकीचा लिहिला होता, तेव्हा ग वर शब्दांवरून एकदा पाहिलं असतं तरी कळलं असतं: फग ताणात म्हणजे ग ला वर ओढतोय, पग सुद्धा ताणात असेल तर तोही वरच ओढणार, मग ग ला खाली कोण ओढतंय? त्या दिवशी मी आकडे जुळवले, शब्द जुळवले नाहीत.

आराखड्यावर जाणारा तक्ता असा. उजवी बाजू सारखीच.

| मेंबर | बल (किलोन्यूटन) | प्रकार |
|---|---|---|
| कप | 39 | दाब |
| पफ | 26 | दाब |
| कख, खग | 36 | ताण |
| पग | 13 | दाब |
| फग | 10 | ताण |
| पख | 0 | शून्य, पण लावायचंच |

एक गोष्ट तक्त्यात येत नाही. या हिशोबात सगळे भार सांध्यांवर धरले आहेत. प्रत्यक्षात सव्वातीन मीटर अंतरात पत्र्याला मध्ये आणखी एक पर्लिन लागतं, आणि ते कप च्या मधोमध बसतं. तेवढ्यापुरतं कप हे तुळईसारखं वाकतंही. म्हणून वरच्या मेंबरचा अँगल नुसत्या 39 दाबावर निवडू नका, वाकण्याचा हिशोब वेगळा जोडा.

वाऱ्याने चिन्हं उलटतात तेव्हा

आय.एस. 875 च्या तिसऱ्या भागात नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग 39 मीटर प्रति सेकंद आहे. 0.6 गुणिले वेगाचा वर्ग केला तर दर चौरस मीटरला साधारण 0.9 किलोन्यूटन दाब येतो, गुणक लावण्याआधी. छताचं स्वतःचं वजन 0.35. बाजूने उघड्या शेडमध्ये वारा आतून वर ढकलतो आणि बाहेरून ओढतो, तेव्हा वजन वजा करूनही छत वर उचललं जातं. अवकाळीच्या वादळात कांद्याच्या चाळींचे पत्रे उडतात ते यामुळेच.

समजा वजन वजा जाता प्रत्येक आतल्या सांध्याला 4 किलोन्यूटन वर मिळतात आणि टोकांना 2. मग वरचा प्रत्येक आकडा −0.4 ने गुणायचा: कख मध्ये 14.4 दाब, कप मध्ये 15.6 ताण, पग मध्ये 5.2 ताण, फग मध्ये 4 दाब. वारा पत्र्याला काटकोनात ओढतो, सरळ वर नाही, म्हणून नेमके आकडे वेगळे येतील. त्यासाठी हेच सांधे आडव्या भारासह पुन्हा सोडवावे लागतात. पण खालचं मेंबर दाबात जातं हे बदलत नाही.

आणि इथे ते शून्य मेंबर परत येतं. खालच्या मेंबरसाठी दोन 50×50×6 अँगल पाठीला पाठ लावून घेतले आहेत असं धरा. 36 ताणासाठी ते भरपूर आहेत. आय.एस. 800 सांगतं की एरवी ताणात असणारं मेंबर वाऱ्याने दाबात जात असेल, तर त्याचं स्लेंडरनेस गुणोत्तर, म्हणजे आधारांमधली लांबी भागिले गायरेशन त्रिज्या, 350 च्या आत हवं. उभ्या दिशेत या जोडीची त्रिज्या 15.1 मिलिमीटर. पख असेल तर मोकळी लांबी 3 मीटर आणि गुणोत्तर 199. पख काढून टाकलं तर लांबी 6 मीटर, गुणोत्तर 397, नापास. शून्य बलाचं ते मेंबर म्हणजे खालच्या अँगलला वाकू न देणारा हात आहे.

बाजूच्या दिशेत तर याहून वाईट. पख आणि फग कैचीच्याच पातळीत आहेत, ते खालच्या मेंबरला बाजूला जाण्यापासून अडवत नाहीत. 12 मीटर मोकळी लांबी, या जोडीची त्या दिशेची त्रिज्या सुमारे 24 मिलिमीटर, गुणोत्तर 500. म्हणून सगळ्या कैच्यांचे ग सांधे एका लांब अँगलने एकमेकांना आणि टोकाच्या ब्रेसिंगला जोडावे लागतात. मग लांबी 6 मीटर होते आणि गुणोत्तर 250.

निफाडच्या त्या शेडवर आम्ही पट्ट्या काढून अँगल लावले. पत्रे उतरवायची वेळ आली नाही, खालून लाकडी टेकू देऊन एकेक कैची बदलली, दोन दिवस गेले. अँगलचे पैसे मालकाने दिले, मजुरी मी.